दुरुस्ती: चार नव्हे, अडीच टक्के

मार्च २०१२ मध्ये केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने जानेवारीचा औद्योगिक उत्पादन निर्देशांक जाहीर केला. वाढ निघाली ६.८ टक्के, जाणकारांच्या अंदाजापेक्षा बरीच चढी. महिनाभराने, पुढच्या महिन्याचे आकडे देताना, खात्याने जानेवारीचा आकडा बदलला. वाढ ६.८ टक्के नव्हती, जेमतेम १.१ टक्का होती. घोळ साखरेने घातला होता. जानेवारीतले देशाचे साखर उत्पादन सुमारे १३४ लाख टन धरले गेले होते, प्रत्यक्षात ते सुमारे ५८ लाख टन होते. त्या काळात देशात वर्षाला साधारण अडीचशे लाख टनांहून थोडी अधिक साखर होत असे. त्यातली निम्मी एकाच महिन्यात तयार झाली, हे कोल्हापूर-सांगलीकडच्या कुठल्याही कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याला कागद न बघताही पटले नसते. आकडा मात्र वरच्या टेबलापर्यंत सुखरूप पोचला.

खात्याने चूक सांगितली तेव्हा तीन गोष्टी एकत्र आल्या: जुना आकडा, नवा आकडा आणि नेमक्या कुठल्या वस्तूच्या नोंदीने तो फिरला ते. खात्याच्या कारभारावर टीका व्हायची ती झालीच. पण वाचणाऱ्याला ‘म्हणजे आता काय समजायचे?’ असे विचारावे लागले नाही.

देशाच्या निर्देशांकाचे जे होते, तेच चार माणसांच्या कार्यालयातही होते, फक्त त्याची बातमी होत नाही. पुण्या-मुंबईत आणि आता नाशिक-कोल्हापुरातही दुसऱ्यांच्या धंद्याचे आकडे मांडून देणारी असंख्य लहान कार्यालये आहेत. कोणी विक्रीचे अहवाल करते, कोणी ग्राहकांची पाहणी, कोणी मालाच्या वाहतुकीचा हिशेब. अहवाल पीडीएफमध्ये जातो, त्यात पाच-सहा चार्ट असतात, आणि कधी ना कधी एखादा चार्ट चुकलेला निघतो. तोही पाठवून झाल्यावर, कारण पाठवण्याआधी सापडली तर ती चूक राहतच नाही. मग ग्राहकाला जो ईमेल लिहायचा, तो सहसा कोणी कोणाला शिकवत नाही. दहा ओळींचे हे लेखन आहे आणि त्यात बऱ्याच भल्याभल्यांची गाडी घसरते.

एक उदाहरण तपशिलात पाहू. ते कल्पित आहे, पण त्यातली चूक या व्यवसायात नेहमी सापडणारी आहे.

समजा, दही, ताक आणि पनीर विकणारी एक मध्यम दुग्धकंपनी आहे. तिचा माल पुणे, कोल्हापूर, नाशिक, सोलापूर आणि रत्नागिरी अशा पाच डेपोंमधून दुकानांत जातो. फुटलेल्या पिशव्या, आंबलेले दही, उशिरा पोचलेला माल असे सगळे परत येते. त्याला सगळे ‘रिटर्न’ म्हणतात. दर तिमाहीला किती क्रेट गेले आणि किती परत आले याचा अहवाल पुण्यातले एक लहान कार्यालय करून देते. जुलै ते सप्टेंबरचा अहवाल सोमवारी संध्याकाळी गेला. त्यातल्या चार्ट ३ मध्ये गेल्या चार तिमाहींचे चार स्तंभ होते: ३.१, ३.०, २.९ आणि ४.० टक्के. शेवटचा स्तंभ लाल. पहिल्या पानावर ठळक वाक्य, ‘रिटर्नमध्ये मोठी वाढ’. नवव्या पानावर शिफारस: पाचही डेपोंच्या वाहतूकदारांशी असलेल्या करारांचा फेरविचार करावा. कंपनीची बैठक शुक्रवारी होती.

बुधवारी त्याच कार्यालयातली एक विश्लेषक दुसऱ्या कामासाठी तीच शीट उघडते आणि थबकते. पुण्याचा रिटर्न दर २ टक्के, कोल्हापूरचा १.८. निम्म्याहून बराच जास्त माल या दोनच डेपोंतून जातो. मग एकूण दर ४ टक्के कसा? ती उलटा हिशेब करते. एक लाख क्रेटचे ४ टक्के म्हणजे ४,००० क्रेट परत यायला हवेत. परत आलेल्या क्रेटच्या रकान्याची बेरीज भरते २,५०८.

आकडे असे होते. पुण्याहून ४०,००० क्रेट गेले, ८०० परत आले. कोल्हापूरहून ३०,००० गेले, ५४० परत. नाशिकहून २०,००० आणि ५००. सोलापूरहून फक्त ६,०००, पण परत ३६०, म्हणजे ६ टक्के. रत्नागिरीहून ४,००० आणि ३०८, म्हणजे ७.७ टक्के. ‘एकूण’च्या घरात कोणीतरी पाच टक्केवारींची थेट सरासरी घेतली होती: २.०, १.८, २.५, ६.० आणि ७.७ यांची बेरीज २०, भागिले ५, उत्तर ४. रत्नागिरीच्या चार हजार क्रेटना पुण्याच्या चाळीस हजारांइतकेच वजन मिळाले. शीटमध्ये पाठवलेले क्रेट B रकान्यात, परत आलेले C मध्ये आणि टक्केवारी D मध्ये असेल, तर चूक आणि दुरुस्ती यांत एवढाच फरक:

```
=AVERAGE(D2:D6)          → 4.0%
=SUM(C2:C6)/SUM(B2:B6)   → 2.5%
```

ही चूक फसवी आहे. सूत्र चालते, चुकीची खूण दिसत नाही, उत्तरही वेडेवाकडे येत नाही. १३४ लाख टन साखर पाहून निदान भुवया तरी उंचावल्या असत्या. ४ टक्के रिटर्न तर अगदी घरचा आकडा वाटतो. शिवाय आधीच्या तीन तिमाही बरोबर पद्धतीने काढलेल्या होत्या. त्यामुळे शेजारी शेजारी उभ्या असलेल्या स्तंभांपैकी तीन एका मापाचे आणि चौथा दुसऱ्याच मापाचा. २.९ वरून ४.० ही ‘वाढ’ म्हणजे निव्वळ सूत्रातल्या बदलाचा परिणाम. खरा प्रवास २.९ वरून २.५ असा होता. चार्टने सांगितलेल्या दिशेच्या बरोबर उलट.

आता बुधवारची दुपार आहे, आणि पहिला मोह असतो तो लगेच ईमेल पाठवून मोकळे होण्याचा. त्याआधी तासभर थांबलेले बरे. घाईत पाठवलेल्या दुरुस्तीत पुन्हा चूक निघाली, तर तिसऱ्या ईमेलवर कोणी विश्वास ठेवत नाही. या तासात करायचे काम ठरलेले आहे. नवा आकडा मूळ नोंदींवरून पुन्हा काढायचा, आणि तो ज्याने जुना काढला त्याने नव्हे, दुसऱ्या कोणीतरी. आपल्याच सूत्राकडे पाहताना डोळ्यांना जे असायला हवे तेच दिसते. मग हा आकडा अहवालात आणखी कुठे कुठे शिरला आहे ते शोधायचे. चार्ट हे फक्त त्याचे दिसणारे घर. पहिल्या पानावरचे ठळक वाक्य, नवव्या पानावरची शिफारस, सोबत दिलेली एक्सेल फाइल, पुढच्या तिमाहीचा अंदाज, सगळीकडे तो पोचलेला असतो. चार्ट दुरुस्त झाला आणि ‘मोठी वाढ’ हे वाक्य तसेच राहिले, असे सुधारित अहवाल थोडेथोडके नसतात.

आणखी एक मोह तांत्रिक असतो: गेलेला ईमेल परत खेचण्याचा. जीमेलमध्ये पाठवलेला संदेश थांबवता येतो, पण जास्तीत जास्त तीस सेकंद. आउटलुकमधली ‘रिकॉल’ची सोय एकाच संस्थेच्या आतल्या टपालापुरती चालते. बाहेरच्या ग्राहकाकडे संदेश तसाच राहतो, आणि कधीकधी वर ‘अमुक यांना हा संदेश परत घ्यायचा आहे’ अशी सूचनाही जाऊन पडते. ज्याने अहवाल उघडलाही नव्हता तो आता आवर्जून उघडतो.

तासाभराने बहुतेक कार्यालयांत जो पहिला मसुदा तयार होतो, तो साधारण असा असतो:

‘महोदय, काही तांत्रिक कारणांमुळे सोमवारी पाठवलेल्या अहवालातील काही आकड्यांमध्ये किरकोळ तफावत आढळून आली आहे. सुधारित अहवाल सोबत जोडला आहे. कृपया नोंद घ्यावी. झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व.’

वाचायला सभ्य आहे आणि कामाचा काडीचाही नाही. कोणते आकडे? किती तफावत? कोणत्या पानावर? ग्राहकाने आता चौदा पानांच्या दोन पीडीएफ शेजारी ठेवून फरक हुडकायचा की काय? ‘आढळून आली’ म्हटल्यावर चूक जणू वाटेत सापडली, कोणी केलेली नाही. ‘तांत्रिक कारण’ तर सरळ खोटे आहे. यंत्राने सांगितलेले काम चोख केले. आणि ‘किरकोळ’ हा शब्द कोणाच्या बाजूने? कार्यालयाला दीड टक्क्याचा फरक किरकोळ वाटेल, पण त्या कंपनीच्या वितरण व्यवस्थापकाने मंगळवारीच पाच वाहतूकदारांना फोनवरून खडसावले असेल, तर त्याच्या दृष्टीने तो तसा नाही. चूक लहान की मोठी, हे ज्याने आकडा वापरला त्याने ठरवायचे असते.

दुसऱ्या मसुद्याला वेळ लागतो, कारण त्यासाठी आधी हिशेब पुरा झालेला असावा लागतो. तो असा:

विषय: दुरुस्ती: जुलै–सप्टेंबर रिटर्न अहवाल, चार्ट ३ मधील एकूण दर ४.०% नव्हे, २.५%

नमस्कार सर,

सोमवारी पाठवलेल्या अहवालात पान ६ वरच्या चार्ट ३ मध्ये आमच्याकडून चूक झाली आहे. जुलै–सप्टेंबरचा एकूण रिटर्न दर आम्ही ४.० टक्के दाखवला होता. बरोबर आकडा २.५ टक्के आहे (१,००,००० क्रेटपैकी २,५०८). म्हणजे मागच्या तिमाहीच्या २.९ टक्क्यांवरून दर वाढलेला नसून कमी झाला आहे.

कारण: एकूण दर काढताना आम्ही पाच डेपोंच्या टक्केवारींची थेट सरासरी घेतली. प्रत्येक डेपोचा माल कमी-जास्त असल्याने परत आलेल्या एकूण क्रेटना पाठवलेल्या एकूण क्रेटनी भागायला हवे होते.

त्यामुळे पान १ वरचे ‘रिटर्नमध्ये मोठी वाढ’ हे वाक्य आणि पान ९ वरची पाचही डेपोंच्या वाहतूक करारांबद्दलची शिफारस आम्ही मागे घेत आहोत. डेपोनिहाय आकडे बरोबर आहेत. सोलापूर (६.० टक्के) आणि रत्नागिरी (७.७ टक्के) येथील रिटर्न जास्तच आहेत आणि तिथल्या करारांकडे पाहण्याची सूचना कायम आहे. बाकीचे चार्ट मूळ नोंदींवरून पुन्हा तपासले. त्यांत बदल नाही.

सुधारित चार्ट खाली दिला आहे आणि पूर्ण अहवाल जोडला आहे. शुक्रवारच्या बैठकीसाठी कृपया हीच फाइल वापरावी. सोमवारची फाइल आपण पुढे कोणाला दिली असल्यास कळवावे, त्यांनाही आम्ही दुरुस्ती पाठवू.

या चुकीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. बैठकीआधी बोलायचे असल्यास मी उद्या दिवसभर फोनवर आहे.

या ईमेलचे सगळे वजन विषयाच्या ओळीवर आहे. व्यवस्थापक हा ईमेल बहुधा फोनवर, गाडीत बसल्या बसल्या पाहणार. त्याने तो उघडलाच नाही तरी दोन्ही आकडे त्याच्या नजरेखालून गेले पाहिजेत. ‘सुधारित अहवाल’ एवढेच लिहिले तर त्याला वाटेल, काहीतरी भर घातलेली दिसते, सवडीने पाहू. जुना आकडा पुन्हा लिहायला अनेकांना जड जाते, पण त्याशिवाय वाचणाऱ्याला आपल्या डोक्यातला, आपल्या वहीतला नेमका कोणता आकडा खोडायचा ते कळत नाही. आणि आकडा मजकुरात हवा. तो फक्त चित्रात असेल आणि चित्र फोनवर उघडलेच नाही, तर दुरुस्ती पोचलीच नाही.

कारण दोन वाक्यांत संपले, तेवढे पुरे. त्याहून लांब झाले की ते कारण न राहता कैफियत होते: नवा मुलगा होता, दिवाळीची घाई होती, शीट जुन्या नमुन्यावरून घेतली होती. ग्राहकाला यातले काही नको असते. त्याला एवढेच जाणायचे असते की चूक एका जागी आहे की सगळीकडे पसरली आहे. ‘टक्केवारींची सरासरी घेतली’ म्हटल्यावर वाचणारा स्वतःच ताडतो, की डेपोनिहाय आकड्यांना याची बाधा होणार नाही. कारण एकदम वगळले तर हीच शंका उरते आणि मग अख्ख्या अहवालावर जाते.

कारण सांगताना एक गोष्ट मात्र आधी स्वतःशी पक्की करावी लागते: ही चूक आहे की पद्धतीची निवड? अर्थशास्त्रातला एक गाजलेला वाद नेमका याच जागी अडला होता. कारमेन राइनहार्ट आणि हार्वर्डचे केनेथ रोगॉफ यांनी २०१० मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेलेल्या देशांत सरासरी वाढ उणे ०.१ टक्का दिसते, असा त्यातला एक आकडा होता. युरोप-अमेरिकेत सरकारी खर्चाला कात्री लावू पाहणाऱ्यांनी तो उचलून धरला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्नडन हा विद्यार्थी तेच गणित पुन्हा करायला बसला, आणि काही केल्या उत्तर जुळेना. लेखकांनी आपली एक्सेल शीट त्याला पाठवली. सरासरीच्या सूत्रात शेवटच्या पाच ओळी सुटल्या होत्या: ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे देश सरासरीत नव्हतेच. हर्नडन आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी काढलेला आकडा होता अधिक २.२ टक्के.

गंमत अशी की एवढा फरक त्या सुटलेल्या ओळींमुळे पडला नव्हता. त्यांचा वाटा ०.३ टक्क्याच्या आसपास होता. मोठा वाटा होता काही वर्षांची आकडेवारी वगळण्याचा आणि सरासरी काढण्याच्या रीतीचा. न्यूझीलंडचे एकच वर्ष, १९५१, वाढ उणे ७.६ टक्के, ब्रिटनची एकोणीस वर्षे, सरासरी २.४ टक्के, आणि सरासरीत दोन्ही देशांना समान वजन. रत्नागिरी आणि पुण्याचीच ही गोष्ट, फक्त देशांच्या पातळीवरची. सूत्रातली चूक लेखकांनी लगेच मान्य केली. देशांना समान वजन देणे मात्र चूक नसून विचारपूर्वक केलेली निवड आहे, यावर ते ठाम राहिले. त्यांच्या बाजूने थोडे बोलण्यासारखेही आहे: प्रत्येक देश हा एक वेगळा अनुभव मानायचा, तर वर्षे मोजून वजन देणे बरोबर ठरेलच असे नाही.

दुग्धकंपनीच्या चार्टला ही पळवाट नाही. त्याच्या उभ्या अक्षावर ‘पाठवलेल्या एकूण क्रेटपैकी परत आलेले, टक्के’ असे लिहिलेले आहे, आणि एकूण क्रेटपैकी परत आलेले २.५ टक्केच आहेत. त्याच चार्टमधले आधीचे तीन स्तंभही त्याच रीतीने काढलेले आहेत. अक्षावर ‘डेपोंची सरासरी’ असते आणि चारही स्तंभ तसेच असते, तर ४.० हा आकडा चुकीचा ठरला नसता, फार तर कमी उपयोगाचा ठरला असता. मग ईमेलही वेगळा झाला असता. ‘आमच्याकडून चूक झाली’ असे न लिहिता ‘हा दर दुसऱ्या रीतीने मोजला तर असा दिसतो’ असे लिहावे लागले असते. या दोन ईमेलांची सरमिसळ करू नये. खरी चूक ‘पद्धतीतला बदल’ म्हणून सांगितली, तर समोरचा माणूस हिशेबात मुरलेला असल्यास लगेच ओळखतो.

कायम राहणारा भाग सांगायला बहुतेक जण विसरतात, आणि ग्राहकाला सर्वांत जास्त उपयोग त्याचाच होतो. इथे तर दुरुस्तीतून अहवाल जास्त धारदार झाला. सोलापूर आणि रत्नागिरी मिळून दहा टक्केच माल जातो, पण २,५०८ पैकी ६६८ क्रेट, म्हणजे चौथ्या हिश्शाहून अधिक रिटर्न, या दोघांकडूनच येतात. चुकीच्या चार्टने पाचही डेपोंना एका दावणीला बांधले होते. बरोबर आकड्यांवरून दिसते, की तीन डेपोंचे ठीक चालले आहे आणि पाहायचे ते दोन ठिकाणी. अर्थात हा शोध ईमेलमध्ये मिरवायचा नाही. चूक कबूल करताना ‘यातून एक चांगली गोष्ट पुढे आली’ असा सूर लागला, की कबुलीची किंमत जाते. ते शुक्रवारी बैठकीत बोलावे.

‘बाकीचे चार्ट पुन्हा तपासले’ हे वाक्य ईमेलमधले सर्वांत महाग वाक्य आहे. ते तपासले असतील तरच लिहायचे. चार्ट तपासून व्हायला गुरुवार संध्याकाळ उजाडणार असेल, तर ईमेल तोवर रोखून धरू नये. ‘बाकीचे चार्ट तपासत आहोत, उद्या संध्याकाळपर्यंत कळवतो’ असे लिहावे आणि उद्या संध्याकाळी कळवावे, काहीही सापडले नसले तरी.

वेळेचे गणित कसे चुकते, हे ब्रिटनमध्ये २०२० साली दिसले. ३१ ऑक्टोबरला पंतप्रधानांच्या पत्रकार परिषदेत करोनाच्या पुढच्या लाटेचे आलेख दाखवले गेले आणि इंग्लंडभर टाळेबंदी जाहीर झाली. डिसेंबरच्या सुरुवातीला दिवसाला किती मृत्यू होऊ शकतात, याच्या अंदाजाची वरची कड एका आलेखात सुमारे १,५०० पर्यंत गेली होती. आठवडाभरातच सरकारी संकेतस्थळावरचे आलेख बदलले गेले; ती कड आता सुमारे १,००० वर होती. टाळेबंदी ५ नोव्हेंबरला लागू झाली. तो निर्णय एका आलेखावर उभा नव्हता, पण टीकाकारांच्या हाती आयते कोलीत मिळाले, आणि दाखवताना लाखोंनी पाहिलेला आलेख बदलताना थोड्यांनीच पाहिला. म्हणून दुग्धकंपनीच्या बाबतीत फक्त ईमेलवर भिस्त ठेवून चालणार नाही. बैठक दोन दिवसांवर आहे. आधी फोन करायचा, ‘साहेब, चार्ट तीनमधला आकडा चुकलाय, चारऐवजी अडीच, ईमेल पाठवतोय’ एवढे सांगायचे, आणि मग ईमेल पाठवायचा. ज्या ज्या व्यक्तींना सोमवारचा अहवाल गेला होता, त्या सर्वांना, त्याच ईमेलला उत्तर म्हणून. नवा ईमेल सुरू केला तर जुना आपल्या जागी निर्धास्त राहतो, आणि सहा महिन्यांनी शोधणाऱ्याला आधी तोच सापडतो.

पाठवायचा कोणी? ज्याच्या नावाने अहवाल गेला त्याने. साहेबांच्या नावाचा अहवाल आणि दुरुस्ती मात्र सर्वांत कनिष्ठ मुलीच्या नावाने, असा प्रकार काही कार्यालयांत चालतो. तो ग्राहकाच्या लक्षात येतो. मोठ्या रकमेचा करार, शेअर बाजारात नोंदलेली कंपनी किंवा रुग्णांशी संबंधित आकडे असतील, तर गोष्ट वेगळी. तिथे दुरुस्तीचे स्वतःचे नियम असतात आणि वकिलाला विचारल्याशिवाय ईमेल जात नाही. बिलात सवलत देण्याची भाषा या ईमेलमध्ये आणू नये, हे जुने लोक सांगतात आणि ते खरे आहे. पैशाचा विषय निघाला, की आकडा बाजूला पडतो.

उलट, प्रत्येक चुकीसाठी असा ईमेल लिहायचा नसतो. ‘सप्टेंबर’चे ‘सप्टेंबार’ झाले असेल, स्तंभाचा रंग चुकला असेल, तर पुढच्या अहवालात गुपचूप दुरुस्त करावे. कोणी उतरवून घेऊ शकेल, कोणाला सांगू शकेल असा आकडा चुकला असेल, तर मात्र फरक दशांशाचा असला तरी लिहावे.

राहता राहिला तो चार्ट. चार्ट अहवालात राहत नाही. कोणीतरी त्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकते, कोणी तो कापून आपल्या सादरीकरणात चिकटवते, आणि ईमेलमधले सगळे खुलासे मागे राहतात. म्हणून ‘सुधारित’ हा शब्द आणि तारीख चित्राच्या आत, शीर्षकाच्या शेजारी लिहावी लागते. दुसरी खबरदारी अक्षाची. ४.० चा स्तंभ निघून गेला की एक्सेल उभा अक्ष आपोआप आखूड करते. मग २.९ चा जुना स्तंभ नव्या चार्टमध्ये आधीपेक्षा उंच दिसतो, आणि दोन्ही चार्ट शेजारी ठेवणारा विचारतो, ‘हाही बदलला का?’ अक्षाची वरची मर्यादा जुन्या चार्टइतकीच हाताने ठरवून दिली, की बदललेला एकच स्तंभ बदललेला दिसतो. फाइलचे नावही स्पष्ट हवे, `Returns_Jul-Sep_v2_corrected.pdf` असे काहीतरी. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नवीन खरे’ अशी नामावळी नको.

कार्यालयाच्या आत आणखी एक काम शिल्लक राहते, आणि ते नेमके जानेवारीत अंगाशी येते. ऑक्टोबर–डिसेंबरचा अहवाल करताना कोणीतरी मागच्या तिमाहीची फाइल उघडणार, चार्ट ३ चे आकडे उचलणार आणि पुढे नवा स्तंभ जोडणार. सोमवारची जुनी फाइल त्याच फोल्डरमध्ये असेल, तर ४.० पुन्हा अवतरणार, आणि या वेळी त्याच्या शेजारी २.६ किंवा २.४ उभे राहून ‘रिटर्नमध्ये मोठी घट’ असे दिसणार. म्हणून जुनी फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये हलवायची, शीटमधले सूत्र बदलायचे, आणि त्या घराशेजारी तपासणीचे आणखी एक घर ठेवायचे. एकूण दराने एकूण क्रेटना गुणले की परत आलेल्या क्रेटची बेरीज निघाली पाहिजे. न निघाल्यास घर लाल होते. पुढच्या अहवालात जुलै–सप्टेंबरच्या स्तंभाखाली बारीक अक्षरांत एक टीप येते: २.५ टक्के, आधीच्या अहवालात ४.० छापले होते, दुरुस्ती ईमेलने कळवली.